दुभाषी स्वतःच्या मनातलं मिसळते : कथेचा कच्चा खर्डा, मदत हवी आहे

रेवा_क
दिवाळी अंकासाठी एक छोटी कथा लिहिते आहे, साधारण अडीच हजार शब्दांची. दोन माणसांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण भाषा एक नाही. मधे दुभाषी आहे. ती भाषांतर करताना आधी थोडं मऊ करून सांगते, मग हळूहळू स्वतःचं काहीतरी त्यात घालायला लागते. दोघांनाही कळत नाही.

काळ 2008, जागा रांजणगावचा एक कारखाना. मोरी सान तीन महिन्यांसाठी जपानहून साचे बसवायला आलेला तंत्रज्ञ. सुरेखा शिरूरची, तपासणी लाइनवर. नंदिनी कंपनीची इंटरप्रिटर, पुण्याची, जपानी भाषेच्या परीक्षेत एन-टू झालेली. पहिल्या पाळीनंतर कँटीनमागच्या बाकावर तिघं भेटतात. एक तुकडा देते:

> मोरी खाली बघत म्हणाला, "आइशितेरु. पुढच्या महिन्यात मी परत जाणार."
> नंदिनीने सुरेखाकडे पाहिलं. "तो म्हणतोय, माझं तुझ्यावर प्रेम आहे. जावं लागतंय, पण जीव इथंच राहणार."

अडचण अशी की हे वाचून माझ्या बहिणीने विचारलं, "सुरेखाला कळलं कसं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी कृपया सांगा, हे प्रत्यक्षात कसं घडेल आणि कुठे फसेल.

पाटीलबुवा
कल्पना झकास. पण दोघं इंग्रजीत का बोलत नाहीत?

रेवा_क
सुरेखाचं शिक्षण मराठी माध्यमातून, आयटीआय. मोरीचंही इंग्रजी यथातथाच. एवढं पुरेल ना?

तिसरी_खुर्ची
पुरेल. शॉप फ्लोअरवर येणारे जपानी तंत्रज्ञ बहुतेक वेळा इंग्रजीत सुटे शब्द बोलतात, वाक्यं नाही. मशीनचं काम तेवढ्यावर भागतं, मनातलं बोलणं भागत नाही. फक्त एक लक्षात घ्या : दोघांना एकमेकांची भाषा अजिबातच येत नाही असं दाखवू नका. लाइनवर दोन महिने बरोबर काम केल्यावर सुरेखाला पंचवीस-तीस जपानी शब्द कानावरून माहीत असणारच. दामे, दाइजोबु, चोत्तो माते, मो इक्काइ. आणि मोरीला 'चालेल', 'नाही', 'थांब', 'बस झालं' कळत असणार. तुमची सगळी कथा या अर्ध्यामुर्ध्या शब्दांवर उभी राहू शकते. पूर्ण अज्ञानात फसवणूक फार सोपी होते आणि वाचकाला खोटी वाटते.

किरकोळ दुरुस्ती : 2008 मध्ये 'एन-टू' नव्हतं. एन-वन ते एन-फाइव्ह ही रचना 2010 पासूनची. त्याआधी चारच पातळ्या होत्या आणि पुण्यात लोक 'सेकंड लेव्हल झाली' किंवा 'निक्यू' म्हणायचे. जपानी शिकलेला वाचक तिथेच अडखळेल.

मृण्मयी७
आइशितेरु काढा प्लीज. जपानी माणूस असं कधीच म्हणत नाही. लेखक नात्सुमे सोसेकी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने 'आय लव्ह यू'चं शब्दशः भाषांतर केलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की जपानी माणूस 'आज चंद्र सुंदर दिसतोय' एवढंच म्हणेल. मोरीला तेच वाक्य द्या, किती गोड होईल!

तिसरी_खुर्ची
अर्धं बरोबर. आइशितेरु काढावं हे खरं, कारण ते वजनदार आहे आणि मोरीसारखा माणूस कारखान्यामागच्या बाकावर ते बोलणार नाही. पण चंद्राची गोष्ट सोसेकींच्या लिखाणात सापडत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी ती फिरायला लागली. आज जपानमध्येही लोक ती बऱ्याचदा गंमत म्हणून वापरतात. साचे बसवणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य घातलंत तर तो इंटरनेटवर प्रेम शिकलाय असं वाटेल.

तो 'सुकी देसु', म्हणजे 'आवडता', एवढंच म्हणेल. किंवा तेही नाही म्हणणार. तुमच्या कथेसाठी 'तेही नाही'च जास्त कामाचं. त्याने न बोललेलं नंदिनी बोलते, हाच तर विषय आहे.

पाटीलबुवा
मग मुळात ती खोटं बोलते असंच ना? सरळ सांगायचं तर नोकरीतून काढून टाकण्यासारखं वागणं.

तिसरी_खुर्ची
एका झटक्यात खोटं बोलली असं दाखवलंत तर कथा संपली. हे पायरीपायरीने घडतं आणि पहिल्या पायऱ्या तिच्या रोजच्या कामाचाच भाग असतात. आपण एकच वाक्य घेऊ. मोरीचं मूळ वाक्य असं ठेवा :

"राइगेत्सु काएरिमास. माता किताइन् देसु केदो…"

सरळ भाषांतर : "पुढच्या महिन्यात परत जातोय. पुन्हा यावंसं वाटतं, पण…" आणि इथे थांबायचं. शेवटचं 'केदो' लटकतं ठेवायचं, कारण त्यानेच ते लटकतं ठेवलंय. जपानीत वाक्य असं अर्धं सोडून देणं रोजचं आहे. उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं असतं.

पहिली पायरी, 'जातोय' ऐवजी 'जावं लागतंय'. मूळ बोलण्यात सक्ती कुठेच नव्हती. 'लागतंय' आलं की जाणं त्याच्या हातात नाही असं झालं, दोष कंपनीवर गेला. एका क्रियापदाचा फरक. कुठलाही इंटरप्रिटर दिवसातून दहा वेळा हे करतो. जपानी मॅनेजर लाइनवर ओरडतो "नान्दे देकिनाइ?", म्हणजे 'का जमत नाही?', आणि मराठीत येतं, "साहेब विचारतायत, अडचण कुठे येतेय." तसं केलं नाही तर दुपारनंतर काम बंद पडेल. नंदिनीला ही सवय कारखान्याने लावली आहे, प्रेमाने नाही. हे कथेच्या पहिल्या पानावर, प्रेमाचा विषय निघायच्या आधी दाखवा.

दुसरी पायरी, लटकतं वाक्य पूर्ण करणं. "पुन्हा यावंसं वाटतं, पण कंपनीच्या हातात आहे." त्याने हे म्हटलेलं नाही, मात्र त्याच्या मनात असू शकतं. इथे ती स्वतःला सांगू शकते की मी अर्थच सांगितला. कामाच्या मीटिंगमध्ये असं पूर्ण करणं कधीकधी गरजेचंही असतं, नाहीतर मराठी माणूस विचारतो, "पण काय?"

तिसरी पायरी, तुमचं 'जीव इथंच राहणार'. हे मोरीचं नाहीच. हे नंदिनीचं.

तुमचा तुकडा पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर एकाच श्वासात चढतो, मधली गाळतो. बहिणीला पटलं नाही ते त्यामुळे.

शिरूरकरीण
'जीव इथंच राहणार' हे शिरूरची पोरगी ऐकेल तेव्हा हसेल. पुण्याच्या बाईच्या तोंडचं वाटतं ते. आमच्याकडे 'मन लागायचं नाही तिकडं' म्हणतील.

तिसरी_खुर्ची
हे फार महत्त्वाचं बोललात. मिसळलेलं वाक्य ओळखू येण्याची ती एक खूण आहे. माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना ज्या साध्या भाषेत सांगतो, त्यात स्वतःचं घातलं की भाषा एकदम नटते. मोरी दोन महिने नंदिनीच्या तोंडून 'बोल्ट घट्ट करा, पुन्हा तपासा' बोलतोय आणि अचानक कवी होतो. सुरेखाला तो बदल जाणवू द्या. ती त्याचा अर्थ 'प्रेमात माणूस बदलतो' असा लावेल.

दुसरी खूण लांबी. पाळीपाळीने बोलायच्या पद्धतीत भाषांतर मूळ बोलण्याएवढं किंवा थोडं कमीच भरतं, कारण अडखळणं आणि पुनरुक्ती गळते. मोरी चार शब्द बोलला आणि नंदिनी दोन वाक्यं बोलली, की कान असलेल्या कुणालाही शंका येते. जपानी-मराठीत सुटकेला एक सबब आहे : मोरीचं बोलणं आदरार्थी शेपट्यांमुळे लांब वाटतं, त्यामुळे एखादं वाक्य खपून जातं. रोज खपणार नाही.

अभिजित_म
छान धागा. माझी भाची तिसऱ्या लेव्हलची तयारी करतेय. इंटरप्रिटरला दिवसाला किती मिळतात हल्ली? आणि कारखान्यात मुलींसाठी वातावरण बरं असतं का?

पाटीलबुवा
अभिजितराव, इथे कथा चाललीय. भाचीसाठी वेगळा धागा काढा.

रेवा_क
@तिसरी_खुर्ची, मधली पायरी घालून पुन्हा लिहिलं :

> "राइगेत्सु काएरिमास," मोरी म्हणाला. "माता किताइन् देसु केदो…"
> "पुढच्या महिन्यात जावं लागतंय," नंदिनी म्हणाली. "पुन्हा यावंसं वाटतं, पण…"
> "पण काय?" सुरेखाने विचारलं. मोरीला नाही, नंदिनीला.
> वहीत 'पण'पुढे काही नव्हतं. "तिकडं मन लागायचं नाही," नंदिनी म्हणाली.

तिसरी_खुर्ची
आता जमलं. आणि तुमच्या नकळत एक चांगली गोष्ट झाली : सुरेखाने नंदिनीला विचारलं, मोरीला नाही. नियमाने नंदिनीने तो प्रश्न मोरीकडे न्यायला हवा होता, "केदो, नान् देस् का?" तिने नेला नाही, स्वतःच उत्तर दिलं. तिचा खरा गुन्हा मिसळण्याच्याही आधीचा, हा आहे. दोन माणसांचं बोलणं थांबून तिच्याशी बोलणं सुरू झालं.

पुढची अडचण बघा. ती प्रत्येक भरीसोबत कर्ज काढते. सुरेखा उद्या म्हणेल, "मन लागायचं नाही म्हणालात ना, मग तिकीट पुढं ढकला की." आता नंदिनीने हे मोरीला कसं सांगायचं? तो 'मन लागणार नाही' असं कधी म्हणालाच नाही. ती वाक्याचा पुढचा अर्धा भाग कापते आणि फक्त विचारते, "परतीची तारीख बदलता येईल का, असं ती विचारतेय." मोरीला हा नुसता व्यवहाराचा प्रश्न वाटतो. त्याच्या कानावर सुरेखाची ओढ जात नाही. म्हणजे एका बाजूला भर घातली की दुसऱ्या बाजूला कापावंच लागतं. सुरेखाला मोरी जास्त हळवा दिसतो आणि मोरीला सुरेखा जास्त कोरडी. ही गोष्ट कथेत आली नाही तर नंदिनीचं गोड बोलणं फुकटात झाल्यासारखं वाटेल.

मृण्मयी७
वा! आणि मोरीचं उत्तर? "सोरे वा चोत्तो…" हे द्या ना. चोत्तो म्हणजे थोडं. "थोडं जमेल" असं आशेचं उत्तर.

तिसरी_खुर्ची
उत्तर अगदी हेच द्या, अर्थ मात्र उलटा आहे. "सोरे वा चोत्तो…" हा नकार आहे. 'ते जरा…' म्हणून वाक्य सोडून द्यायचं, म्हणजे 'ते अवघड आहे, आग्रह करू नका'. जपानी माणसाला तो स्पष्ट नकार ऐकू येतो.

पण तुमच्या चुकीतून रेवाताईंना सोनं मिळालंय. सुरेखाही हाच घोटाळा करेल. लाइनवर दिवसभर "चोत्तो माते" ऐकून तिला 'चोत्तो' ओळखीचं आहे : 'जरा थांब'. नंदिनीने तोंड उघडायच्या आधीच ती उजळून म्हणेल, "थांब म्हणाला ना? वाट बघ म्हणाला." आणि नंदिनी गप्प बसते. इथे तिने एक शब्दही घातला नाही. फक्त दुरुस्त केलं नाही. माझ्या मते कथेतली सगळ्यात मोठी फसवणूक ती हीच.

पाटीलबुवा
हे मात्र जबरी आहे. वकिलाला विचारलंत तर ती सुटेल.

रेवा_क
हे घेतेच घेते! बसण्याच्या जागेबद्दल विचारायचं होतं. तिघं एका बाकावर. नंदिनी मधे बसवली आहे. बरोबर?

तिसरी_खुर्ची
कामाच्या पद्धतीने चूक, कथेला बरोबर. टेबलावर दोन बोलणारे समोरासमोर आणि दुभाषी बाजूला, थोडी मागे, असं बसतात. तिने वहीत बघत राहायचं, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बघावं लागतं. ती नजर वर करते तेव्हा ऐकणारा आपसूक तिच्याकडे बघायला लागतो. एका बाकावर मधे बसल्यावर दोघांनाही बोलताना तिच्याच चेहऱ्याकडे वळावं लागतं. तुमच्या मनात असो नसो, सुरेखा मोरीचे सगळे शब्द नंदिनीच्या तोंडाकडे बघून ऐकते.

वही वरून उलटणारी, स्पायरलची द्या. प्रत्येकाचं बोलणं संपलं की आडवी रेघ. आत शब्द कमी, बाण आणि खुणा जास्त. "पु. महिना → जपान. परत? पण" एवढंच. जे वहीत नाही ते बोलताना ती खाली बघत नाही, हे एकदा दाखवा, समजावून सांगू नका.

खानोलकर_काकू
मग शेवटी सुरेखाला ती वही सापडू दे आणि सगळं उघडं पडू दे.

तिसरी_खुर्ची
काकू, त्या नोंदी दोन दिवसांनी लिहिणारीलाही धड लागत नाहीत. त्या आठवणीला टेकू असतात, बोलण्याची प्रत नसतात. शिवाय काम झालं की पानं फाडून टाकायची पद्धत आहे, गोपनीयतेसाठी. पुरावा नियमानेच नष्ट होतो. वही सापडणं हा सिनेमाचा मार्ग झाला.

रेवा_क
मग उघडं पडावं कसं? की पडूच नये?

भाषाभगिनी
दुभाषी प्रथमपुरुषात बोलते की "तो म्हणतोय" करून? तुमच्या पहिल्या तुकड्यात "तो म्हणतोय" आहे, दुसऱ्यात नाही. यावर बरंच अवलंबून आहे.

पाटीलबुवा
"तो म्हणतोय"च बरोबर. नाहीतर गोंधळ होईल, कोण बोलतंय तेच कळणार नाही. आदरही राहतो.

तिसरी_खुर्ची
पाटीलबुवा, शॉप फ्लोअरवर तुम्ही म्हणता तसंच चालतं, "साहेब म्हणतायत". पण शिकवताना प्रथमपुरुषच शिकवतात : बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं. गोंधळ त्याने कमी होतो, कारण 'तो', 'ती', 'तिला', 'त्याने' यांची माळ लागत नाही. कथेत हा बदलच वापरा. कारखान्यात नंदिनी "मोरी सान म्हणतायत" करते, बाकावर कधीतरी नकळत 'मी'वर येते. कामाच्या दृष्टीने ती जास्त व्यावसायिक झाली. वाचकाला मात्र दिसेल की तिच्यात आणि त्या वाक्यात आता कुणी उरलं नाही.

भाषाभगिनी
आणि मग मराठीचं लिंग येतं. मोरी पुरुष, नंदिनी बाई. 'मी'ने सुरुवात केली की "मी थांबतो" म्हणायचं की "मी थांबते"? जपानी क्रियापदाला लिंग नसतं, तिकडे हा प्रश्नच नाही. मराठीत टाळता येत नाही.

म्हणजे टाळता येतं, काही ठिकाणी. 'मला वाटतं', 'मला आवडतं' यात बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. भविष्यकाळात 'मी थांबेन' दोघांनाही चालतं. पण 'थांबतो-थांबते', 'थांबलो-थांबले', 'थांबत होतो-थांबत होते' इथे सुटका नाही.

रेवा, तुमचा शेवट इथे आहे. तीन भेटी ती त्याच्या वतीने चोख 'जातो, बघतो, होतो' म्हणते. चौथ्या भेटीत मोरी काहीतरी साधं म्हणतो आणि ती सांगते, "मी रोज त्या दारापाशी थांबत होते." एक मात्रा. मोरीला ती कळणं शक्य नाही. सुरेखाला न कळणं शक्य नाही.

मृण्मयी७
अंगावर काटा!!

तिसरी_खुर्ची
भगिनी, मानलं. दोन पथ्यं मात्र. एक, वाचकाला पुल्लिंगी रूपाची सवय आधी लागली पाहिजे, नाहीतर तो 'होते' छपाईची चूक समजेल. आधीच्या भेटींत किमान पाच-सहा वेळा ठसठशीत 'होतो', 'आलो', 'बघतो' येऊ द्या. मुद्रितशोधकालाही चिठ्ठी लिहा, नाहीतर तो 'दुरुस्त' करून टाकेल.

दोन, ते वाक्य भावनेने ओथंबलेलं नको. अशा चुका थकल्यावर होतात, लक्ष उडाल्यावर होतात. दीड-दोन तास एकटीने दोन्ही दिशांनी काम केलं की सगळ्यात आधी घसरतात आकडे, नावं आणि ही अशी रूपं. म्हणून मोठ्या कामाला आलटून पालटून दोघं ठेवतात. नंदिनीने सकाळपासून साच्याची चाचणी केलेली असू द्या. म्हणजे ही घसरण थकव्याची की मनातली, याचा निकाल लागत नाही.

कोल्हापुरी_ठेचा
एक शंका. आमच्याकडं पोरी सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. सुरेखा किंवा नंदिनी कोल्हापूरची निघाली तर खेळ खलास की हो.

भाषाभगिनी
म्हणूनच नंदिनी पुण्याची आणि सुरेखा शिरूरची राहू द्या! पण गंमत म्हणून : लाइनवर एखादी कोल्हापूरची मैत्रीण ठेवा, जी पहिल्याच पानावर 'मी निघालो' म्हणते आणि सुरेखा तिला चिडवते. म्हणजे सुरेखाचा कान या रूपावर आहे हे आधीच कळतं.

शिरूरकरीण
तू-तुम्हीचं काय केलंय? सुरेखा त्याला 'तुम्ही' म्हणणार. पण तो तिला?

तिसरी_खुर्ची
चांगली आठवण केलीत. मोरी शेवटपर्यंत 'देसु-मास'मध्ये बोलेल, म्हणजे अंतर राखून. त्याला 'तुम्ही' ठेवायचं की 'तू', हे मराठीत नंदिनी ठरवते. ज्या दिवशी ती 'तू'वर येते, त्या दिवशी सुरेखाला वाटणार तो जवळ आला. तो होता तिथेच आहे.

उलट दिशेने मात्र नंदिनीचं काही चालत नाही. सुरेखाने एके दिवशी 'मोरी सान' सोडून नुसतं 'मोरी' म्हटलं, तर ते भाषांतराविना थेट त्याच्या कानावर जातं. नावं दुभाष्याच्या हातात नसतात. तो दचकेल, कारण मधली पायरी त्याने बघितलेलीच नाही. ही चौथ्या भेटीची सुरुवात करा, 'थांबत होते'च्या आधी.

खानोलकर_काकू
पण नंदिनीचं प्रेम कुणावर आहे? मोरीवर ना?

रेवा_क
मी तसंच धरून चालले होते.

भाषाभगिनी
मला नाही तसं वाटत. नीट बघा, ती सगळी भर एकाच दिशेने घालते. मोरीचं बोलणं सुरेखाकडे नेताना गोड करते. सुरेखाचं मोरीकडे नेताना कापते. ज्या माणसाला आपलं मन कळावं असं वाटतं, त्याच्या कानात माणूस गोड घालतो. मोरीच्या कानात ती काहीच घालत नाही.

पाटीलबुवा
ओ हो हो. म्हणजे सुरेखा? रांजणगावात? दिवाळी अंकाचे संपादक काय म्हणतील?

भाषाभगिनी
संपादक राहू द्या. दिशा रेवाताईंनीच लिहून ठेवली आहे, मी वाचून दाखवली.

तिसरी_खुर्ची
मला तिसरी शक्यताही दिसते. इंटरप्रिटर दिवसभर दुसऱ्यांचं 'मी' बोलतो. तिला कुणीच नको असेल, फक्त एखादं वाक्य स्वतःचं म्हणून बोलायचं असेल. पण भगिनींचं दिशेचं निरीक्षण खोडता येत नाही. मोरीवर प्रेम दाखवायचं असेल तर जपानीतही भर घालावी लागेल. उदाहरणार्थ सुरेखा "डबा आणलाय" म्हणाली आणि नंदिनीने जपानीत 'तुमच्यासाठी पहाटे उठून केला' असं काही जोडलं. तसा एकही प्रसंग आत्ता कथेत नाही.

खानोलकर_काकू
डब्याचा प्रसंग घालाच. म्हणजे सरळ होईल.

भाषाभगिनी
घालू नका! सरळ होईल हीच भीती आहे.

रेवा_क
दोन्ही बाजू पटतायत, हीच पंचाईत. सध्या चौथी भेट अशी झाली आहे. 'मोरी' नावाचा प्रसंग याच्या आधी येतो :

> मोरीने फाटकाकडे बोट दाखवलं. "माइआसा, असोको दे मात्ते इमाशिता."
> नंदिनीने रेघ ओढली. सकाळपासून साच्याच्या आठ चाचण्या झाल्या होत्या, घसा बसला होता.
> "मी रोज सकाळी त्या दारापाशी थांबत होते," ती म्हणाली.
> सुरेखाने डब्याचं झाकण लावलं. मग उघडलं. "कोण?" तिने विचारलं.
> मोरी दोघींकडे बघत होता. "नान्ते?" त्याने नंदिनीला विचारलं. काय म्हणाली ती?

तिसरी_खुर्ची
भाषांतर अचूक आहे हे लक्षात आलं का? 'रोज सकाळी तिथे थांबत होतो', त्याने शब्दशः तेच म्हटलंय. तिने या वेळी काहीच भर घातली नाही, फक्त रूप चुकलं. छान. 'माइआसा'मुळे 'सकाळी' आलं तेही बरोबर.

आता 'नान्ते?'चं उत्तर नंदिनीने द्यायचं आहे. 'दारे' असं एका शब्दात ती 'कोण'चं भाषांतर करू शकते. केलं तर मोरी प्रामाणिकपणे म्हणेल 'मी', आणि सगळं पुन्हा रुळावर येईल, निदान वरवर. नाही केलं तर तिला पुन्हा काहीतरी रचावं लागेल.

पाटीलबुवा
'दारे' म्हणू द्या. एकदा तरी बाईने सरळ भाषांतर करावं.

भाषाभगिनी
पण मोरी 'वाताशि' म्हणेल, आणि ते मराठीत सांगताना ती 'मी' म्हणेल. कुणाचा 'मी'? 'मी'ला लिंगही नाही. पाटीलबुवा, तुमचं सरळ भाषांतर सगळ्यात अवघड निघालं.

शिरूरकरीण
'वाताशि' सुरेखाला माहीत असेल का? लाइनवर ऐकलं असेल तर तिला नंदिनीची गरजच पडणार नाही.

तिसरी_खुर्ची
'वाताशि' ऐकलं असण्याची शक्यता कमी. लाइनवर कर्ता गाळूनच बोलतात. पण तो नाकाकडे बोट दाखवेल. 'मी' म्हणताना जपानी माणूस छातीकडे नाही, नाकाकडे बोट नेतो, आणि ते सुरेखाने दोन महिन्यांत नक्की पाहिलेलं असणार.

रेवा_क
नाकाकडे बोट! म्हणजे नंदिनी बोलायच्या आत सुरेखाला उत्तर मिळालेलं असेल, आणि नंदिनीचा 'मी' त्यानंतर येईल. रविवारपर्यंत लिहून टाकते. डब्याचं झाकण दोनदा लावू की एकदाच?

खानोलकर_काकू
एकदाच. आणि डब्यात काय आहे ते लिही, वाचणाऱ्याला तेवढं तरी नक्की कळू दे.